युद्ध, संघर्ष की भाऊबंदकी?

‘एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. त्यात विज्ञान आणि चर्च यांच्या “वॉरफेअर”बद्दल लिहिलंय. “युद्ध” घेऊ की “संघर्ष”? घरातलं एक माणूस म्हणतं, इतिहासकार आता असं युद्ध झालं हे मानतच नाहीत. मग शब्द कोणता? आणि गॅलिलिओच्या हातात दुर्बीण द्यावी की टेलिस्कोप?’

लेखात अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्या १८९६च्या ग्रंथाचं नाव आलं असेल, तर तिथे ‘युद्ध’च ठेवा. त्यांना युद्धच म्हणायचं होतं. कॉर्नेल विद्यापीठ कुठल्याही पंथाशी न बांधता काढलं म्हणून धर्मनिष्ठ मंडळी त्यांच्यावर तुटून पडली होती. त्यांच्या आधी १८७४ साली ड्रेपर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने याच विषयावर पुस्तक काढलं, तेव्हा पोप अस्खलनशील, म्हणजे धर्माच्या बाबतीत चुकूच शकत नाहीत, अशी १८७०ची घोषणा ताजी होती. भांडण त्यांच्या काळातलं होतं. त्याचा सातबारा मात्र दोघांनी थेट मध्ययुगापर्यंत मागे नेला.

लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात मात्र मला ‘युद्ध’ खटकेल. युद्धाला दोन वेगळी सैन्यं लागतात, आणि तेराव्या शतकात ती शोधून सापडत नाहीत. पोप नववे ग्रेगरी यांनी १२३१ साली पॅरिस विद्यापीठाला जी सनद दिली, तिची सुरुवातच ‘पारेन्स स्किएन्टिआरुम’ अशी आहे, म्हणजे विद्यांची माता. यातल्या ‘स्किएन्टिआ’ला ‘विज्ञान’ म्हटलंत की फसलात. कुठलंही पद्धतशीर ज्ञान म्हणजे स्किएन्टिआ, आणि खुद्द धर्मशास्त्रही त्यातच मोडायचं. विद्यापीठासाठीचा ‘उनिव्हर्सितास’ हाही मुळात कायद्यातला शब्द, अर्थ संघ किंवा श्रेणी. विणकरांचा असतो तसा हा गुरूंचा संघ. दोन वर्षं पॅरिसचे गुरू शिकवणं थांबवून शहराबाहेर गेले होते, आणि या सनदेने त्यांचा संपाचा हक्क मान्य केला. देणारे पोप, घेणारेही चर्चच्या छत्राखालचेच लोक.

म्हणून विद्यापीठांतल्या तंट्यांना मी सरळ ‘भाऊबंदकी’ म्हणेन. घर एक, अंगण एक, वाद बांधाचा. निसर्गाबद्दल बोलायचा अधिकार तर्क-तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा की धर्मशास्त्रवाल्यांचा? १२१० साली पॅरिसच्या धर्मसभेने अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ ‘वाचायला’ बंदी केली. (इथेही जपून. ‘वाचणं’ म्हणजे वर्गात लावून शिकवणं. आपले शास्त्रीबुवा पोथी ‘लावायचे’ तेच. घरी वाचायला आडकाठी नव्हती.) पुढे पाखंड मोडायला पोपच्या पाठिंब्याने तुलूझला विद्यापीठ निघालं, तर त्याच्या जाहिरातपत्रात आमिष काय? पॅरिसमध्ये बंदी असलेले ग्रंथ आमच्याकडे ऐकायला मिळतील! आणि १२५५ साली पॅरिसच्याच अभ्यासक्रमात हे ग्रंथ सक्तीचे झाले. पंचेचाळीस वर्षांत निषिद्धाचं नेमलेलं पुस्तक झालं. पुढे १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं शिकवायला मनाई केली. म्हणजे कुरबूर संपली नव्हतीच. फक्त ती एका वाड्यातली होती.

आता दुर्बिणीचा काळ. इथे एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. एप्रिल १६११. गॅलिलिओ रोममध्ये आहे. कार्डिनल बेलार्मिनोंनी १९ तारखेला जेझुइट या कॅथलिक पंथाच्या रोमन महाविद्यालयातल्या गणितज्ञांना चिठ्ठी पाठवली: नव्या नळीतून दिसतं म्हणतात ते खरं का? प्रश्न पाच. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अगणित तारे आहेत का, शनी तीन ताऱ्यांचा जोड आहे का, शुक्राला चंद्रासारख्या कला आहेत का, चंद्र खडबडीत आहे का, गुरूभोवती चार तारे फिरतात का. पाच दिवसांत चौघांच्या सहीने उत्तर आलं. तारे, शुक्र, गुरू: खरं आहे. शनी: आम्हाला तीन सुटे दिसत नाहीत, लांबट अंड्यासारखा दिसतो. चंद्र: डाग दिसतात खरे, पण चौघांतल्या वृद्ध क्लाविउस यांना वाटतं की पृष्ठ गुळगुळीतच असून आतला द्रव्याचा दाटपणा कमीजास्त आहे, इतरांना पृष्ठच खडबडीत वाटतं.

हे परीक्षकाचं उत्तर आहे, शत्रूचं नव्हे. दिसलेलं मान्य, त्याचा अर्थ लावताना मतभेद; आणि शनीबाबत ते गॅलिलिओपेक्षा फार चुकीचे नव्हते, कारण त्या भिंगांतून कडी कुणालाच सुटी दिसत नव्हती. उलट पादुआ विद्यापीठातला तत्त्वज्ञ क्रेमोनिनी नळीला डोळा लावायला तयार नव्हता. तो चर्चचा माणूस असेल असं वाटतं ना? त्याच्यावर तर धर्मन्यायालयाचीच नजर होती.

पण म्हणून ‘चर्च तर विज्ञानाचं आश्रयदातं’ असं उलटं टोक भाषांतरात आणू नका. हल्ली तेही ऐकू येतं, आणि तेही तितकंच भाबडं आहे. १६१६ साली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ ‘दुरुस्त होईपर्यंत’ स्थगित झाला. २२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला ‘पाखंडाचा तीव्र संशय’ असल्याचं ठरवून मत मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ साली मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. कोपर्निकसचं आणि त्याचं पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून गळलं ते १८३५च्या आवृत्तीत. याला ‘गैरसमज’ म्हणणं म्हणजे झाकपाक. याला मराठीत नेमका शब्द आहे: खटला. खटल्यात आरोपी असतो, न्यायाधीश असतात, बजावलेली ताकीद मोडल्याचा आरोप असतो, दुखावलेला पोप असतो. ‘युद्ध’ म्हटलं की ही सगळी माणसं पुसली जातात आणि विज्ञान व चर्च नावाचे दोन पहिलवान उरतात.

खटल्यानंतर बावीस वर्षांनी, १६५५ साली, पोपच्याच राज्यातल्या बोलोन्यात कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला भोक ठेवून फरशीवर मध्यान्हरेषा आखली. ईस्टरची तारीख ठरवायला वसंतसंपात अचूक हवा, म्हणून अशी रेषा. फरशीवर पडणारं सूर्याचं बिंब वर्षभर मोजताना त्याला दुसरंही तपासता आलं. जुन्या मतानुसार सूर्याच्या अंतरात जितका फरक पडायला हवा होता, केप्लरच्या मते तो त्याच्या निम्माच. बिंबाच्या आकारातला फरक केप्लरच्या बाजूने निघाला. पृथ्वी फिरते हे यावरून सिद्ध होत नाही, कारण सूर्य फिरतो असं धरलं तरी बिंब तेवढंच पडेल. मात्र निषिद्ध ठरलेल्या खगोलशास्त्राचा एक भाग चर्चच्या फरशीवर मोजला गेला, हे खरं.

सर्वसाधारण निवेदनात ‘संघर्ष’ चालेल का? चालेल. त्याच्या पोटात ‘घर्षण’ आहे, आणि घासायला दोन पृष्ठं एकमेकांना चिकटून असावी लागतात. पण ‘संघर्ष समिती’, ‘संघर्ष यात्रा’ यांनी तो शब्द आपल्याकडे मोर्चाचा झालाय, म्हणून मी पॅरिसला ‘तंटा’ किंवा ‘भाऊबंदकी’, १६३३ला ‘खटला’ आणि व्हाइट-ड्रेपरना ‘युद्ध’ असं वाटून देईन. ‘वैज्ञानिक’ही टाळा, त्याचा इंग्रजी प्रतिशब्दच १८३०च्या दशकात घडला. गॅलिलिओने स्वतःला गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ म्हणवून घेतलं होतं.

आणि दुर्बीणच द्या. ‘टेलिस्कोप’ हा शब्द १४ एप्रिल १६११च्या रोममधल्या मेजवानीत पुढे आला, बेलार्मिनोंच्या चिठ्ठीच्या पाचच दिवस आधी. तो सुचवला देमिसिआनी या ग्रीक गणितज्ञाने, आणि तो होता एका कार्डिनलच्या पदरी. ग्रीकात ‘तेले’ म्हणजे दूर, ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणं. फारसीत ‘दूर’ आणि ‘बीन’, तोच अर्थ. १६१०च्या प्रसंगांत तर ‘टेलिस्कोप’ चूकच ठरेल.