कर्ण जुळले तरी फ्रेम डुगडुगते, त्याचं काय?

प्रश्न: ४० बाय ४० चौकोनी पाइपची फ्रेम फुल वेल्डिंग केल्यावर गुण्यात राहत नाही. जिग बनवणं परवडतं का? आणि टाके कुठून कुठे मारायचे?

गुण्याचं नंतर बोलू. आधी सांगा, तुमची फ्रेम सपाट फरशीवर ठेवली तर चारही कोपरे टेकतात का? माझ्या अनुभवात ‘गुण्यात राहत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या फ्रेमचा गुण्या बरा असतो, फ्रेमला पीळ पडलेला असतो. आणि पीळ टेपने सापडत नाही. हे मला शिकायला एक वसतिगृह आणि सख्ख्या भावाशी दोन महिन्यांचा अबोला लागला.

आमची कुपवाडला शेड आहे, दादाची आणि माझी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या २४ लोखंडी कॉटची ऑर्डर आली. माप १८३० बाय ९१५, पाइप ४० बाय ४०, जाडी २ मि.मी., कोपरे ४५ अंशात कापलेले, वरून आडव्या पट्ट्या आणि त्यावर प्लाय. दादा म्हणाला, चोवीस नग आहेत, जिग करू, म्हणजे एकदा पक्का साचा मांडायचा आणि प्रत्येक नग त्यातच जुळवायचा. बरोबरच होतं. त्याने ७५ च्या चॅनलचा चौकट-जिग शेडच्या कोब्यावरच मांडला, गुण्या लावला, कर्ण मोजले. दोन्ही २०४६. अर्धा मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. दिवसभर येईल-जाईल त्याला टेप धरून दाखवत होता.

पहिल्या सहा कॉट झाल्या, रंग झाला, टेम्पोत घालून पोचवल्या. दुसऱ्या दिवशी रेक्टरांचा फोन. पोरं झोपायला गेली की कॉट टकटक वाजते. मी गेलो तेव्हा सहाही कॉटच्या एकेका पायाखाली वर्तमानपत्राची घडी होती.

दादा टेप घेऊन आला. कर्ण मोजले, एकात एक मिलिमीटरचा फरक, बाकी पाच तंतोतंत. म्हणाला, ‘‘फरशी खराब आहे.’’ मी म्हटलं, ‘‘सहाच्या सहा कॉटखाली?’’ त्यावर त्याने सगळ्यांदेखत पुरावा दिला. एक कॉट उचलली, डोक्याकडची बाजू पायाकडे करून तिथेच ठेवली. फरशीचा जो कोपरा आधी अधांतरी होता, तोच परत अधांतरी. कॉटचा दोष असता तर डुगडुग दुसरीकडे गेली नसती का, असं त्याचं म्हणणं. रेक्टरांनी मान डोलावली. मी गप्प.

रात्री घरी पुठ्ठ्याचा आयत कापला, हलका पीळ दिला, टेबलावर ठेवून फिरवला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पीळ पडलेल्या चौकटीचे समोरासमोरचे दोन कोपरे वर असतात आणि दोन खाली. अर्धा फेरा दिला की वरच्याच्या जागी दुसरा वरचा येतो, खालच्याच्या जागी दुसरा खालचा. डुगडुग जिथल्या तिथे. म्हणजे अर्ध्या फेऱ्याने काहीच सिद्ध होत नाही, पाव फेरा द्यावा लागतो. सकाळी जाऊन मी एकट्याने तीन कॉट आडव्या फिरवल्या. डुगडुग कॉटबरोबर फिरली. आणि मुख्य म्हणजे सहाही कॉटचा एकच कर्ण उचललेला होता. प्रत्येक नगाला एकाच दिशेचा पीळ असेल तर दोष जिगमध्ये आहे. प्रत्येक नगाला वेगळा असेल तर कापणीत, टाक्यांत किंवा वेल्डिंगच्या क्रमात आहे. तुमच्या शेवटच्या पाच फ्रेम एकदा अशा तपासा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

शेडमध्ये येऊन जिगवर दोन दोरे ताणले, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, चारही टोकं चॅनलच्या वरच्या कडेला टेकवून. मध्ये जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोरे नुसते स्पर्श करायला हवेत. आमच्यात ३ मि.मी. फट. मधली फट तीन असेल तर तीन कोपरे टेकवल्यावर चौथा त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ मि.मी. वर राहतो. वर्तमानपत्राच्या घडीची जाडी साधारण तेवढीच होती. (दोरा एकदा हा वरून, एकदा तो वरून घालून बघायचा. वरचा दोरा खालच्यावर दाबून बसला असेल तर फट दिसतच नाही आणि तुम्ही खूश होता.) कोब्याला पाणी जायला उतार दिलेला, तोही एका कोपऱ्याकडे. चॅनल त्या कोब्यावर जसे बसले तसे बसले. चौकट जमिनीवरून बघितली तर अगदी काटकोनात, पण सपाट नाही. टेपला फक्त लांबी कळते.

मग लेव्हल पाइपने पाणसळ बघून चॅनलखाली पत्र्याच्या पॅकिंगा घातल्या, दोरे टेकेपर्यंत. दादा बाहेर उभा राहून चहा पीत होता.

जिग उघडलाच आहे म्हणून मी आणखी एक गोष्ट बदलली, ती तुम्हीही करा. दादाने अडणी, म्हणजे पाइप टेकवायचे ठोकळे, फ्रेमच्या आतून लावले होते. वेल्ड थंड होताना आक्रसतो, फ्रेम किंचित लहान होते आणि आतल्या ठोकळ्यांना आवळून बसते. काढायला हातोडा लागतो, आणि हातोडा लागला की जिगने कमावलेलं गेलं. अडणी बाहेरून हवीत. लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक, आणि समोरच्या बाजूंनी पाचर ठोकायची. फ्रेम आक्रसली की आपोआप सुटी होते. आणि ठोकळा कोपऱ्यापासून शंभर-सव्वाशे मि.मी. लांब ठेवा. कोपऱ्यातच असेल तर रॉड पोचत नाही आणि छर्रे साठून पुढचा पाइप ठोकळ्याला टेकतच नाही.

आता टाके, म्हणजे पूर्ण वेल्डिंगआधी सांधा धरून ठेवणारे छोटे वेल्ड. कोपऱ्यांना ओळीने एक ते चार नंबर द्या आणि कधीही ओळीने मारू नका. एक, तीन, दोन, चार असं समोरासमोर जायचं. पहिला टाका प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेरच्या धारेला, जेमतेम आठ-दहा मि.मी., अडीचच्या रॉडने. चारही झाले की थांबायचं आणि कर्ण मोजायचे. या अवस्थेत कोपरा बिजागरीसारखा हाताने हलतो, दुरुस्तीची वेळ हीच. या मापात कर्णांत ५ मि.मी. फरक आला तर लांब बाजू साधारण ३ मि.मी. सरकलेली असते. मोठा कर्ण फरकाच्या निम्म्याने, म्हणजे अडीचने कमी होईपर्यंत ओढायचा, पाचाने नाही. मग त्याच क्रमाने आतल्या कोनात दुसरा टाका मारायचा. मग वरच्या तोंडाला, म्हणजे सांध्याच्या वरच्या सपाट बाजूला. मग फ्रेम बाहेर काढून उलटी करून खालच्या तोंडाला.

फुल वेल्डिंग जिगमध्ये करायचं नाही. इथेच माझं आणि दादाचं खरं भांडण आहे, आणि ते त्या कॉटच्याही आधीचं आहे. त्याचं म्हणणं, घट्ट आवळून धरलं की लोखंड जातंय कुठे. लोखंड जात नाही, पण ताण आत दबून राहतो. क्लॅम्प सोडला की फ्रेम हलकेच उसळी घेते, हे मी शंभरदा दाखवलंय. शिवाय जिगमध्ये एकच तोंड वर असतं. चारही कोपऱ्यांची वरची तोंडं एका दमात भरली की चारही कोपरे वर ओढले जातात, आणि उलटी केल्यावर खालचं वेल्डिंग ते पूर्ण परत आणत नाही, कारण वरचं तोवर थंड होऊन बसलेलं असतं. जिग टाक्यांसाठी असतो. टाके झाले की बाहेर काढा, एका कोपऱ्याचं एक तोंड, मग समोरच्या कोपऱ्याचं तेच तोंड, उलटी करा, तिथे तसंच, मग उरलेले दोन. सगळी तोंडं झाली की बाहेरची धार, आणि आतला कोन सगळ्यात शेवटी. आतला कोन आक्रसताना काटकोन बंद करायला बघतो, तोवर बाकी तिन्ही बाजूंनी त्याला धरलेलं असतं.

आणि कमी भरा. २ मि.मी.च्या पाइपला ३ मि.मी.चा वेल्ड पुष्कळ झाला. ६ चा मारलात तर ताकद दुप्पट होत नाही, पाइपची भिंत तेवढीच राहते. पण धातू चौपट जातो आणि ओढही त्याच मानाने वाढते. आमच्याकडच्या एका वेल्डरला जाड मणी म्हणजे प्रामाणिक काम वाटायचं. त्याच्या फ्रेमा मी लांबून ओळखायचो.

पुढच्या अठरा कॉट अशा केल्या. दोऱ्यांवर एकही मिलिमीटरच्या वर नव्हती. पहिल्या सहांच्या एकेका पायाला दादाने ६ मि.मी.ची पट्टी मारून दिली. त्या पट्ट्या कशासाठी लागल्या, यावर आमचं अजून एकमत नाही.

परवडण्याचं विचारलंत. सात-आठ नगांच्या खाली मी स्वतंत्र जिग करत नाही. दोन सरळ चॅनल पाणसळीत ठेवतो, वर एक गुण्याचा ठोकळा आणि क्लॅम्प, तेवढ्यात भागतं. पण कापणी ४५ ला नसेल, बाहेर टेकलेलं आणि आत दोन मिलिमीटर फट असेल, तर जिगही नको आणि टाकेही नकोत, आधी कटर दुरुस्त करा. ती फट भरताना कोपरा बंद होणारच.

हे सगळं साध्या एमएस पाइपचं. स्टेनलेस उष्णतेने एमएसच्या जवळजवळ दीडपट फुगतं आणि उष्णता एका जागी धरून ठेवतं, तिथे टाके कमी अंतरावर हवेत आणि मध्ये थांबून गार होऊ द्यावं लागतं. आणि ज्या कामाला वेल्ड एकाच बाजूने येतो, उदाहरणार्थ आमच्याच कॉटच्या वरच्या पट्ट्या, तिथे उलटून तोल साधता येत नाही. त्या वेळी दोन फ्रेमा पाठीला पाठ लावून आवळा, मधल्या पट्टीपासून सुरू करून एकदा या टोकाकडे एकदा त्या टोकाकडे जा, आणि हात लावण्याइतकं गार झाल्यावरच सोडा. म्हणजे तिथे दादाचं आवळून धरणं बरोबर आहे. हे त्याला सांगायची गरज नाही.