तीन वर्तुळांची वेन आकृती: नेमके दोन खेळ निवडणारे विद्यार्थी

प्रश्न: १०० विद्यार्थ्यांपैकी ५५ जणांनी क्रिकेट, ४५ जणांनी कबड्डी आणि ४० जणांनी खो-खो निवडला. तिन्ही खेळ निवडणारे १० आणि एकही न निवडणारे ८ आहेत. नेमके दोन खेळ किती जणांनी निवडले?

उत्तर: २८.

एकही खेळ न निवडणारे ८ जण वर्तुळांबाहेर असल्याने आत ९२ विद्यार्थी उरतात, पण तिन्ही वर्तुळांच्या संख्यांची बेरीज १४० येते. हे जास्तीचे ४८ वारंवार मोजणीमुळे आले आहेत: नेमके दोन खेळ निवडणारा विद्यार्थी एकदा जास्त मोजला जातो, तर तिन्ही निवडणारा दोनदा. म्हणून ४८ मधून १० ची दुप्पट, म्हणजे २०, वजा केल्यावर २८ उरतात. बाहेरचे ८ विसरल्यास उत्तर चुकून २० येते.

पडताळा असा: फक्त एक खेळ निवडणारे ९२ − २८ − १० = ५४ असून ५४ + २ × २८ + ३ × १० = १४०.

मात्र कोणत्या जोडीत किती जण आहेत, हे या माहितीवरून ठरत नाही. जोड्यांच्या छेदांच्या संख्या दिल्या असत्या, तर त्या प्रत्येकीत तिन्ही खेळांचे १० जण धरलेले असतात, म्हणून त्यांच्या बेरजेतून ३० वजा करावे लागले असते.