भरलेली लिफ्ट खाली येताना किती वीज परत मिळते?

प्रश्न: नांदेडला आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजला अधिक सात मजले, आठ माणसांची लिफ्ट. केबिनच 700 किलोची आहे, मग 4 किलोवॉटची मोटर पुरते कशी? आणि भरलेली लिफ्ट खाली येताना वीज परत देणारी ड्राइव्ह घ्या म्हणतात. परवडेल का?

उत्तर: केबिनचं वजन मोटरवर येतच नाही, ते दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन, म्हणजे काउंटरवेट, तोलून धरतं. आठ माणसं म्हणजे 544 किलो. काउंटरवेट केबिनएवढं आणि वर निम्म्या भाराएवढं ठेवतात, म्हणजे 700 अधिक 272, एकूण 972 किलो. भरलेली केबिन 1244 किलो झाली तरी मोटरला ओढायचा असतो तो फक्त 272 किलोंचा फरक. सेकंदाला 1 मीटर वेगाने त्याला 2.7 किलोवॉट लागतात. घर्षण आणि मोटरमधली घट धरली की साधारण 3.6. काउंटरवेट नसतं तर 16 किलोवॉटची मोटर लागली असती.

खाली येताना तेच 272 किलो मोटरला फिरवतात. गिअरलेस मशीन असेल तर घट जाऊन 2 किलोवॉटच्या आसपास हाती लागतात. वर्म गिअरमध्ये बरंचसं गिअरमध्येच जिरतं, तिथे हा खर्च करू नका. सात मजले म्हणजे सुमारे 21 मीटर, 21 सेकंद. अशा 85 फेऱ्या झाल्या की एक युनिट! रिकामी केबिन वर जातानाही एवढंच मिळतं, कारण तेव्हा काउंटरवेट जड असतं. निम्मी भरलेली असेल तर जवळपास काहीच नाही. आठ-दहा घरांच्या वापरावर ड्राइव्हचे पैसे निघायला फार वर्षं लागतील.

आता लातूरचा एक अनुभव, कारण तुम्हीही हे तपासायला हवं. तिथल्या एका सोसायटीत भरलेली लिफ्ट उतरताना ड्राइव्हचा ब्रेकिंग रेझिस्टर, म्हणजे परत आलेली वीज उष्णता करून जिरवणारा भाग, प्रचंड तापायचा. सगळे म्हणाले, बघा किती वीज वाया जाते. पण तीच लिफ्ट भरून वर जाताना ओव्हरलोडने ट्रिप व्हायची. चौकशी केली तर लिफ्ट चालू झाल्यावर केबिनमध्ये जाड ग्रॅनाइट बसवलेलं, 90 किलोंचं. फरक 272 चा 362 किलो झाला होता. उतरताना मिळणारी जादा वीज म्हणजे चढताना भरलेल्या जादा विजेचाच एक तुकडा होता. काउंटरवेटच्या चौकटीत 90 किलोंचे ठोकळे वाढवले, ट्रिपिंग थांबलं आणि रेझिस्टरही निवला.

तुमच्या मेकॅनिकला केबिनमध्ये 272 किलो वजन ठेवून मधल्या मजल्यांवर वर-खाली करंट बघायला सांगा. दोन्हीकडे सारखा आला तर तोल ठीक. वर जाताना जास्त आला तर काउंटरवेट कमी पडतंय.

ड्राइव्ह घेतलीच तरी जुना रेझिस्टर काढू देऊ नका. लाइट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते, आणि परत आलेली वीज वापरायला तिथे दुसरा भार नसला की व्होल्टेज चढून ड्राइव्ह बंद पडते, माणसं आत अडकतात.