चेहऱ्यावरचा मिश्र प्रकाशाचा रंग आधी कसा काढावा?

प्रश्न: हॉलमध्ये काढलेल्या फोटोत चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर दिसते. केसांचा आणि साडीचा रंग बदलायचा आहे, तर आधी काय करू?

उत्तर: खिडकीचा उजेड साधारण 5500 केल्विनचा आणि पिवळ्या बल्बचा सुमारे 2700 केल्विनचा असल्यामुळे संपूर्ण फोटोला एकच व्हाइट बॅलन्स लावून दोन्ही गाल कधीच जुळत नाहीत. म्हणून लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या ॲपमध्ये खिडकीचा उजेड पडलेल्या पांढऱ्या भिंतीवर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवून आधी ती बाजू नीट करावी, मग बल्बकडच्या गालावर, कपाळावर आणि त्या बाजूच्या केसांवरही मऊ कडेच्या ब्रशने मास्क रंगवून Temp हळूहळू निळ्याकडे न्यावे; ट्यूबलाइटची हिरवट झाक असेल तर Tint किंचित मॅजेंटाकडे सरकवावे. दोन्ही डोळ्यांची बुबुळाभोवतीची पांढरी जागा मोठी करून शेजारी शेजारी पाहावी, मात्र ती कागदासारखी पांढरी करू नये, कारण तोवर त्वचा राखाडी झालेली असते. हे न करता केसांना तपकिरी छटा दिली, तर ती बल्बच्या बाजूला तांबूस आणि खिडकीच्या बाजूला काळपट उतरते. जेपेगमध्ये गालावरचा लाल चॅनेल 255 या कमाल मूल्याला टेकला असेल, तर तेवढा भाग पूर्ण सुधारत नाही.