हबला गंजून चिकटलेली ब्रेक डिस्क: ठोकण्याआधी दाब द्या

प्रश्न: जळगावहून विचारतोय. स्विफ्टची पुढची डिस्क बदलायची आहे. गाडी दोन पावसाळे शेतात उभी होती. कॅलिपर काढलं, पण डिस्क हबला गंजून एवढी चिकटलीय की हातोडीनेही हलत नाही. हब आणि बेअरिंग न बिघडवता कशी काढायची?

उत्तर:

हातोडी थोडी बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट तपासा. कॅलिपर काढलं म्हणता, पण ते ज्यावर बसतं तो कॅरियर मागच्या दोन बोल्टांसह निघालाय का? तो जागेवर असेल तर डिस्क गंजलेली नसतानाही बाहेर येणार नाही. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या नळीवर लटकत ठेवू नका. आणि गाडी नुसत्या जॅकवर नको. खाली स्टँड आणि मागच्या चाकांना दगड हवेतच, कारण इथून पुढे जोर लावायचा आहे.

आता गंज नेमका कुठे धरतो ते बघू. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि डिस्कचं मधलं भोक त्यावर जेमतेम बसतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून त्या बारीक फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा आवळतो. डिस्कचा सपाट मागचा भागही हबला चिकटतो, पण खरी पकड बहुतेक वेळा मधल्या भोकाचीच असते. तापीकाठची काळी माती एकदा चाकात बसली की ओल धरून ठेवते. त्यामुळे समुद्र नसला तरी आपल्याकडे शेतात उभ्या राहिलेल्या गाडीची ही गत होते.

म्हणून तेल त्याच जागी पोचलं पाहिजे. मधल्या भोकाच्या काठावरची गंजाची कड तारेच्या ब्रशने आणि टोकदार सळईने खरवडून काढा. वर पापुद्रा राहिला तर तेल त्यावरूनच ओघळतं. मग गंज सोडवणारं तेल काठाभोवती आणि स्टडच्या भोकांत थोडं थोडं सोडा. अर्ध्या तासाने डिस्क फिरवून पुन्हा सोडा, म्हणजे वरची बाजू खाली जाते आणि तेल सगळीकडे उतरतं. संध्याकाळी असं तीनचार वेळा करून रात्रभर ठेवलंत तर सकाळचं अर्धं काम झालेलं असतं. पॅड लांब ठेवा. त्यांना तेल लागलं तर ते फेकावेच लागतात.

आता मुख्य उपाय. डिस्कच्या समोरच्या भागात, स्टडच्या मध्ये, आटे असलेली दोन भोकं दिसतील. ती ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी, १.२५ पिचची असतात आणि डिस्क काढण्यासाठीच दिलेली असतात. बऱ्याचदा गंज आणि चिखलाने ती बुजलेली असल्यामुळे लक्षातच येत नाहीत. एम ८ चा टॅप थोडं तेल लावून हाताने फिरवा, आटे साफ होतील. मग ८.८ ग्रेडचे, पूर्ण आटे असलेले, साधारण ४० मिलिमीटर लांबीचे दोन बोल्ट घ्या. साधे मऊ बोल्ट इथे चालत नाहीत, त्यांची टोकं चेपतात. टोकाला ग्रीस लावून दोन्ही हाताने टेकेपर्यंत आत घ्या.

चाकाचे दोन नट समोरासमोरच्या स्टडवर तीनचार आटे तेवढे चढवून ठेवा. डिस्क अचानक सुटली तर पायावर पडत नाही. मग छोट्या रिंग पान्याने एक बोल्ट पाव फेरा, दुसरा पाव फेरा, असं आलटून पालटून आवळा. एकच बोल्ट आवळत गेलात तर डिस्क तिरपी होऊन मधल्या उंचवट्यावर आणखी घट्ट अडकते. बोल्ट जड झाले की थांबा आणि डिस्कच्या टोपीवर, म्हणजे स्टडच्या मधल्या जाड भागावर, मध्यम हातोडीने सगळीकडून हलके ठोके द्या. बोल्टचा ताण असताना तो हादरा गंज फोडतो. सुटताना फट्‌ असा आवाज येतो आणि बोल्ट एकदम हलके होतात.

पान्याला पाइप लावण्याचा मोह आवरा. डिस्क बिडाची असते. तिचे आटे उडाले की हा मार्गच बंद. हाताच्या जोरावर हलत नसेल तर बोल्ट ताणलेले ठेवा, पुन्हा तेल सोडा आणि तासभर थांबा.

घण का नको? डिस्कच्या काठावर मारलेला ठोका हबमधून थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि त्यांच्या वाटेत बारीक खळगे पडतात. ते त्या दिवशी दिसत नाहीत. पुढे धुळे रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाताना चाकातून घूं असा आवाज यायला लागतो, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

आटे उडालेच, किंवा तुमच्या डिस्कला अशी भोकं नसतील, तर मागून दाब देता येतो. हबला धरून ठेवणाऱ्या भागाच्या, म्हणजे नकलच्या, ज्या कानांना कॅरियर बसतो, त्यांच्या भोकातून एक लांब बोल्ट घाला. डोकं डिस्कच्या पाठीला आणि नट डोकं व कान यांच्यामध्ये. नट कानाकडे फिरवला की बोल्ट डिस्कला बाहेर ढकलतो. थोडा दाब द्या, सैल करा, डिस्क पाव फेरा फिरवा, पुन्हा दाब द्या. यात डिस्क वाकू शकते, म्हणून टाकायची असेल तरच हे करा. तुमची टाकायचीच आहे, म्हणजे हरकत नाही. गॅसची ज्योत मात्र सांगणार नाही. बेअरिंगचं सील, आतलं ग्रीस आणि एबीएसचा सेन्सर तिथून फार लांब नसतात.

डिस्क निघाली की नवी लगेच चढवू नका. बहुतेक जण इथेच चुकतात. काढायच्या बोल्टांनी हबच्या तोंडावर दोन खळगे पाडलेले असू शकतात आणि त्यांच्या कडा वर उठतात. त्या सपाट कानशीने घासून काढा, हबचं तोंड आणि मधला उंचवटा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. हिशेब असा: हबच्या १४० मिलिमीटर तोंडाच्या एका काठाला ०.१ मिलिमीटरचा गंजाचा पापुद्रा राहिला, तर २५० मिलिमीटरच्या डिस्कच्या काठावर तो सुमारे ०.१८ मिलिमीटरचा डोल होतो. बहुतेक गाड्यांत ०.१० च्या पुढे डोल चालत नाही. सुरुवातीला काही जाणवत नाही, पण डिस्क पॅडला एकाच जागी घासत जाडीला कमीजास्त होते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताच पॅडल थरथरतं. दोष मग नव्या डिस्कच्या माथी येतो.

मधल्या उंचवट्यावर अँटी-सीझ पेस्टचा अगदी पातळ हात द्या, पुढच्या वेळी डिस्क सहज निघेल. हबच्या सपाट तोंडावर, स्टडवर आणि डिस्कच्या घासणाऱ्या भागावर ती नको. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. दुसऱ्या बाजूची डिस्क आणि दोन्हीकडचे पॅडही सोबतच बदला.

डायल गेज मिळालं तर चाकाचे सगळे नट सारखे आवळून, डिस्कच्या काठापासून १० मिलिमीटर आत सुई टेकवा आणि हाताने एक पूर्ण फेरा द्या. डोल जास्त दिसला तर डिस्क काढून स्टडचं एक भोक पुढे फिरवून बसवा, पुन्हा मोजा. चाक लावल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल कडक होईपर्यंत दाबत राहा, कारण पिस्टन मागे ढकललेला असतो आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.