हायपेरिकम, सर्ट्रालिन आणि गर्भनिरोधक गोळी एकत्र घेताना

"मॅडम, मन सतत उदास राहते म्हणून तीन आठवड्यांपासून मी हायपेरिकमच्या कॅप्सूल घेत आहे. आता डॉक्टरांनी सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध लिहून दिले आहे. माझी गर्भनिरोधक गोळीही चालू आहे. हायपेरिकम ही तर वनस्पतीच, मग तिन्ही सोबत घेतले तर काय बिघडणार?"

सर्ट्रालिनची पहिली गोळी घेण्यापूर्वी ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना या कॅप्सूलविषयी सांगा आणि त्यांचे उत्तर मिळेपर्यंत दोन्ही एकत्र घेऊ नका. सौम्य ते मध्यम नैराश्यात हायपेरिकमचा उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. जे मेंदूवर परिणाम करू शकते ते दुसऱ्या औषधाच्या कामातही हात घालते, म्हणून माझ्या लेखी ते औषधच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका तिशीतल्या बाईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. त्या ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, साधारण महिनाभर घेत होत्या. "इतर कोणती औषधे चालू आहेत?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला त्यांनी "काही नाही" असे उत्तर दिले, कारण वनस्पतीची कॅप्सूल त्यांनी औषधांत धरलीच नव्हती. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम सुरू झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अंगाला घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि जुलाब झाले. चिंता वाढली आहे असे समजून त्या माझ्याकडे आल्या.

चिंतेतही धडधड आणि घाम असतोच, त्यामुळे गल्लत सहज होते. मात्र चिंतेचा झटका बहुधा काही वेळाने ओसरतो. इथे त्रास नवी गोळी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चालू झाला होता आणि एकदाही थांबला नव्हता, शिवाय बसल्या जागी त्यांचे पाय आपोआप झटके देत होते. मी सत्र तिथेच थांबवून त्यांना रुग्णालयात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचे पाऊल वरच्या बाजूला झटकन दाबून धरले, तेव्हा घोट्यापाशी लयबद्ध झटके येऊ लागले, आणि निदान सेरोटोनिन सिंड्रोमचे झाले. हायपेरिकम आणि सर्ट्रालिन दोन्ही मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा प्रभाव वाढवतात आणि एकत्र आल्यावर तो धोकादायक पातळीला जाऊ शकतो. दोन्ही औषधे थांबवून रात्रभर देखरेखीखाली ठेवल्यावर त्यांना उतार पडला. तीव्र ताप, स्नायूंचा ताठरपणा किंवा भ्रम दिसू लागला तर मात्र जिवावर बेतू शकते.

गर्भनिरोधक गोळीचा प्रश्न त्यांच्या बोलण्यातून ओघाने पुढे आला. दोन आठवड्यांपासून पाळी नसतानाही त्यांना रक्ताचे डाग दिसत होते आणि त्याचे खापर त्यांनी ताणावर फोडले होते. इथे परिणाम उलट्या दिशेचा असतो. हायपेरिकममधील हायपरफोरिन हे द्रव्य यकृताला औषधे मोडून टाकणारी विकरे जास्त प्रमाणात तयार करायला लावते, त्यामुळे गोळीतील संप्रेरके लवकर नष्ट होतात आणि रोज न चुकता गोळी घेणाऱ्या स्त्रीलाही गर्भ राहू शकतो. डाग हे त्याचे एक चिन्ह आहे, पण डाग नाहीत म्हणून संरक्षण शाबूत आहे असे समजता येत नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीची परिणामकारकताही अशीच कमी होते. तांबीवर मात्र याचा परिणाम होत नाही. त्या बाईंची गर्भचाचणी नकारात्मक आली, आणि हायपेरिकम थांबवल्यानंतरही चार आठवडे निरोध वापरण्याचा सल्ला त्यांना मिळाला, कारण वाढलेली विकरे पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

हायपेरिकम याच नावाने होमिओपॅथीत अतिसौम्य केलेल्या गोळ्याही मिळतात. त्यांत हायपरफोरिन जवळजवळ उरत नाही, पण मदर टिंक्चर किंवा अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. म्हणून डॉक्टरांना नुसते नाव न सांगता डबीच दाखवा.

तुमच्या डॉक्टरांनी हायपेरिकम बंद करून साधारण दोन आठवड्यांनी सर्ट्रालिन सुरू करायला सांगितले, तर ते अंतर पाळा आणि "आज एकच कॅप्सूल" असे मधेच करू नका. गर्भनिरोधनाची दुसरी सोय आजपासूनच करा आणि गेल्या तीन आठवड्यांत संबंध आला असेल तर गर्भचाचणीविषयी त्यांनाच विचारा. या मधल्या काळात मन अधिक खचले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर दोन आठवडे संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. देखरेख वाढवणे किंवा उपचारांची योजना बदलणे त्यांच्या हाती असते.