गडचिरोलीत डास पकडायचे तर आधी कुठली पद्धत?

हे बघ, आधी ठरव तुला नक्की काय मोजायचंय. माणसाला रात्री किती डास चावतात हे थेट फक्त ह्यूमन लँडिंग कॅचमध्येच कळतं, पण त्यात पाय उघडे टाकून त्यावर बसणारे डास पकडणाऱ्याला मलेरियाचा धोका असतो, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, त्यामुळे नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

पहाटे टॉर्च आणि तोंडाने ओढायचा ॲस्पिरेटर घेऊन गोठ्यात शिरलास की मलेरिया पसरवणारे ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस डास भरपूर मिळतील, नळीला जाळीबरोबर बारीक फिल्टर मात्र हवाच नाहीतर डासांचे खवले थेट छातीत. पण गोठ्यातल्या डासांच्या पोटात बहुतेक गुरांचंच रक्त निघणार, त्यावरून "माणसाला चावतच नाहीत" असं लिहून मोकळा होऊ नकोस, घरातल्या भिंतीही तेवढाच वेळ बघ.

लाइट ट्रॅप, म्हणजे दिव्याकडे आलेले डास पंख्याने पिशवीत ओढणारा सापळा, मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाच्या पायाशी, जमिनीपासून दीडेक मीटरवर टांग. खोलीत बल्ब चालू असेल तर डास कमीच सापडणार म्हणून समज. आणि सकाळी आधी पिशवीचं तोंड बांधायचं, मगच पंखा बंद, उलटं केलंस की जिवंत डास वर उडून जातात. बॅटरी रात्रीत उतरली तरी हेच होतं, म्हणून पंखा फिरतोय ना ते बघूनच पिशवीला हात लाव.